पार्टनर सोडून गेला तर? पहिल्या दिवशीच लिहून ठेवा



भोसरी, चाकणकडची दोन-चार मुलं ॲप काढायचं ठरवतात तेव्हा पहिला वाद टक्केवारीवर होतो. पन्नास-पन्नास की साठ-चाळीस? माझं स्पष्ट मत आहे, हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा, की आपल्यातला एक जण मध्येच सोडून गेला तर त्याच्या शेअरचं काय?

एक उदाहरण समजा. चाकण एमआयडीसीत माल उतरवून रिकामे परतणारे टेम्पो आणि भाडं शोधणारे कारखाने यांना जोडणारं ॲप. एकाला ट्रान्सपोर्टचा धंदा माहीत आहे, दुसऱ्याला कोडिंग. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, दहा रुपयांचे 10,000 शेअर. ट्रान्सपोर्टवाल्याकडे 5,200, कोडिंगवाल्याकडे 4,800. कामंही वाटली. गाडीमालक, भाव आणि पैशाचा शेवटचा शब्द पहिल्याचा, ॲपचा दुसऱ्याचा. इथवर छान.

दीड वर्षाने कोडिंगवाल्याला हिंजवडीत चांगली नोकरी लागते आणि तो जातो. काहीच लिहिलेलं नसेल तर 48 टक्के त्याच्याकडेच राहतात. तुम्ही रात्री अकराला गाडीमालकांचे फोन घेताय आणि जवळजवळ अर्धी कंपनी घरी बसलेल्या माणसाची! त्यात बाहेरच्या गुंतवणूकदाराला नवे शेअर द्यायचे किंवा कंपनीचे नियम बदलायचे तर विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी किमान 75 टक्के बाजूने हवीत. तो एकटा 'नाही' म्हणाला की गाडी अडली.

यावर उपाय म्हणजे वेस्टिंग. शेअर पहिल्या दिवशीच नावावर होतात, पण काम करत राहून ते 'कमवायचे'. मुदत 48 महिने धरली तर कोडिंगवाला दर महिन्याला 100 शेअर कमवतो. अट एकच, पहिल्या 12 महिन्यांत सोडलं तर काहीच नाही. तो 18 महिन्यांनी गेला तर 1,800 शेअर त्याचे. ते त्याच्या घामाचे आहेत, त्याला मिळालेच पाहिजेत. उरलेले 3,000 तो दहा रुपयांप्रमाणे, म्हणजे 30,000 रुपयांत, परत विकतो. त्याच्याकडे 18 टक्के राहतात, म्हणजे ठराव एकट्याने अडवता येत नाही. नव्या डेव्हलपरला द्यायलाही तुमच्या हातात शेअर असतात. हाच नियम ट्रान्सपोर्टवाल्यालाही लागू. एकट्यालाच लावाल तर तो करार नाही, दादागिरी आहे.

तो आठव्या महिन्यातच गेला तर सगळे 4,800 परत येतील. पण प्रायव्हेट कंपनीला किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात. म्हणून दुसरं नाव कोणाचं, हे आधीच ठरवा. आजारपण किंवा मृत्यू आला तर काय, हेही वेगळं लिहा. तिथे वर्षभराची अट लावणं मला पटत नाही.

आता महत्त्वाचं. हे लिहायचं कुठे? बरेच जण पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सह्या करून निर्धास्त होतात. व्ही. बी. रंगराज खटला लक्षात ठेवा. एका कुटुंबाच्या प्रायव्हेट कंपनीत दोन भावांच्या शाखांचं ठरलं होतं, की शेअर विकायचे तर आधी दुसऱ्या सभासदाला त्याच शाखेत विचारायचं. पुढे शेअर दुसऱ्या शाखेकडे विकले गेले. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, शेअर विक्रीवरचं हे बंधन कंपनीच्या आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये नाही, म्हणून ते कंपनीवरही बंधनकारक नाही आणि सभासदांवरही नाही. म्हणून करार कराच, पण वेस्टिंगची आणि परत विक्रीची कलमं आर्टिकल्समध्येही घाला. कंपनी नोंदवताना सीएस तयार नमुना पुढे करेल, तेव्हाच सांगा. रजिस्ट्रारकडे नंतर बदल नोंदवायचा तर पुन्हा तोच विशेष ठराव लागेल.

दुसरी विसरलेली गोष्ट म्हणजे कोड. कंपनी व्हायच्या आधी मित्राने घरी बसून लिहिलेला कोड त्याचाच. तो लेखी करून कंपनीच्या नावावर घ्या आणि मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

मर्यादाही सांगतो. 'सोडल्यावर असाच धंदा करायचा नाही' हे कलम भारतात सहसा टिकत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि कंपनीची किंमत वाढल्यावर दहा रुपयांत शेअर घेतले तर इन्कम टॅक्सचा प्रश्न येऊ शकतो. भावाचं कलम लिहितानाच सीएला विचारा.

'मित्रात कसलं लिहून घ्यायचं?' असं वाटत असेल तर उलटा विचार करा. आज दोघांनाही माहीत नाही कोण सोडणार आहे, म्हणून आज दोघंही न्यायाने बोलतील. ज्या दिवशी एकाच्या हातात ऑफर लेटर असेल, त्या दिवशी हे बोलणं होणार नाही, भांडण होईल.