एका खोलीत दाटीने राहणाऱ्यांची बाजू

निपाणीच्या बाजारात, बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, चंदगडच्या एखाद्या हॉटेलात परदेशी गेलेल्या पोरांचा विषय निघाला की दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला पैशाबद्दलचा. आखातातून पैसा येतो, पण तो जातो कुठे? घराच्या स्लॅबमध्ये, लग्नाच्या मांडवात, देवळाच्या कळसात. धंदा काही उभा राहत नाही. दुसरा राहणीबद्दलचा. इतक्या लांब जाऊनही ही पोरे एकाच गल्लीत, एकाच खोलीत, आपल्याच माणसांत कोंडून राहतात. मग जग पाहिले म्हणायचे कशाला? हे आक्षेप घेणारी माणसे वाईट नाहीत. त्यांना गावाची काळजी असते. पण दोन्ही आक्षेप चुकीचे आहेत, आणि ते वेगवेगळे मांडले जातात हीच त्यातली मुख्य चूक आहे. पैसा पाठवणे आणि एका वस्तीत दाटीने राहणे ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. एक तोडले की दुसरे टिकत नाही.

सीमाभागाला हे नव्याने सांगावे लागू नये. दुबई-कुवेत ऐकिवातही नव्हते तेव्हा या पट्ट्यातला माणूस मुंबईला गेला. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, नायगाव, वरळी हा गिरणगाव कोकणातल्या, साताऱ्या-कोल्हापुरातल्या आणि बेळगावकडच्या माणसांनी भरला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे निपाणीचा गिरणीकामगार एका रात्रीत मुंबईत परराज्यातला झाला. त्याची खोली मात्र तीच राहिली, शेजारच्या वळकटीवरचा चंदगडचा माणूसही तोच राहिला.

ही खोली नीट पाहण्यासारखी आहे. चाळीतली दहा बाय बाराच्या आसपासची जागा, गावाने किंवा गावच्या मंडळाने वर्गणी काढून भाड्याने घेतलेली. भिंतीशी पत्र्याच्या ट्रंका, खुंट्यांवर सदरे, कोपऱ्यात वळकट्यांचा ढीग. गिरणी तीन पाळ्यांत चालायची म्हणून खोलीही पाळ्यांत चालायची: पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पडायचा. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. या खानावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात पिचलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेले. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी हीच व्यवस्था धोबी तलाव भागात ‘कूड’ या नावाने उभी केली होती. गावागावाची स्वतंत्र कूड, प्रत्येकाची पेटी, गावच्या संताची तसबीर आणि संध्याकाळचा रोझरी. बोट मिळेपर्यंत खलाशी तिथे राहायचा आणि बोटीवर चढला की त्याची पेटी कुडीतच असायची.

या खोलीला कोंडवाडा म्हणणारे एक गोष्ट विसरतात. नव्या पोराला गिरणीत काम मिळायचे ते खोलीतल्या कुणीतरी जॉबरकडे शब्द टाकल्यावर. बदली कामगार म्हणून तो रोज फाटकावर उभा राही, कधी काम मिळे, कधी हात हलवत परत येई. त्या दिवसांचे जेवण खोलीच्या भरवशावर उधार मिळे. अनोळखी वस्तीत ही उधारी त्याला कोणी दिली नसती. ओळख हीच तिथली तारण ठेवायची वस्तू होती.

मनिऑर्डर हे या व्यवहाराचे दुसरे टोक. पगार झाला की पोस्टात रांग लागे. दर वीस रुपयांना रुपयाभर, म्हणजे पाच टक्के कमिशन जाई. गरिबाला ते लहान नव्हते. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहायची सोय असे: बैलाला औषध आणा, धाकट्याची फी भरा, दिवाळीला येतो. गावात पोस्टमन तो मजकूर वाचून दाखवी, म्हातारीचा अंगठा घेई आणि पावती मुंबईला परत जाई. अंगठा उमटलेली ती पावती खोलीतल्या सगळ्यांच्या नजरेखालून जायची. कुणी दोन महिने पैसे पाठवले नाहीत तर खोलीला कळे, आणि खोलीला कळले की गावाला कळायला वेळ लागत नसे. दारूत किंवा जुगारात पगार उडवणाऱ्याला चार वडीलधारे खोलीतच बसवून विचारत. एकट्या राहणाऱ्याला हे कोण विचारणार?

आता आखात. दुबईत देरा, करामा, सतवा, कुवेतमध्ये अब्बासिया. भारतीय कामगार आणि कारकून या भागांत एकवटलेले दिसतात. हिशेब मांडून पाहावा म्हणजे कारण कळते. समजा निपाणीकडचा एक तरुण दुबईत दुकानात कामाला आहे, पगार २,००० दिरहम आणि राहण्याची सोय कंपनीची नाही. स्वतंत्र खोली घ्यायची म्हटली तर सगळा पगार भाड्यात जाईल आणि तरी पुरणार नाही. म्हणून तो ‘बेड स्पेस’ घेतो, म्हणजे खोलीतली एक खाट. तिचे ६०० दिरहम धरू. मेसचे ३५०, फोन, बस आणि किरकोळ २००. उरले ८५०. दिरहमला २३ रुपये धरले तर सुमारे साडेएकोणीस हजार रुपये घरी जाऊ शकतात. हे साडेएकोणीस हजार त्या दाटीतूनच निर्माण झालेले आहेत. खोली ‘सुधारली’ की घरचा पैसा शून्यावर येतो.

पाठवतानाही खोलीचे शहाणपण उपयोगी पडते. एक्स्चेंजच्या खिडकीवर फी दिसते, पण विनिमयाच्या दरातला फरक दिसत नाही. समजा फी २० दिरहम, म्हणजे ४६० रुपये. आणि खिडकीचा दर बाजारापेक्षा वीस पैशांनी कमी, म्हणजे ८५० दिरहमवर आणखी १७० रुपये. एकूण ६३० रुपये, तीन टक्क्यांहून थोडे जास्त. हाच माणूस दर आठवड्याला थोडे थोडे पाठवू लागला तर फी चौपट होईल. ‘महिन्यातून एकदाच पाठव, फी विचारू नकोस, हातात किती रुपये पडतील ते विचार’ हा सल्ला त्याला खोलीतला जुना माणूस देतो. जगभरात दोनशे डॉलर पाठवायला सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास खर्च येतो. आखातातून भारतात तो त्याहून बराच कमी पडतो, पण तो कमी करून घेण्याची अक्कल माणसाला माणसाकडूनच येते.

राहिला ‘स्लॅबमध्ये गेलेला पैसा’. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा सुमारे २०.५ टक्के आणि कर्नाटकाचा ७.७ टक्के होता. हे आकडे राज्यांचे आहेत. त्यातले बेळगाव जिल्ह्यात किती आले ते त्यातून निघत नाही, म्हणून ‘एवढा पैसा आला आणि दिसत नाही’ असे त्यावरून म्हणता येत नाही. दुसरे, पहिल्या वर्ष-दोन वर्षांचा पैसा घरात येतच नाही, तो एजंटाच्या कर्जात जातो. नोंदणीकृत भरती एजंटाने कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असा नियम आहे. प्रत्यक्षात त्याच्या दुपटी-तिपटीने पैसे भरून लोक जातात आणि ते पैसे सोने गहाण टाकून किंवा खासगी व्याजाने उभे केलेले असतात. कर्ज फिटले की मग घर. त्या घराला अनुत्पादक म्हणणाऱ्यांनी १९८२ आठवावे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगार संपावर गेले. संप महिनोन्महिने टिकला, कारण हजारो कामगार गावी परतू शकले आणि गावाकडून धान्य मुंबईला जाऊ शकले. वर्षानुवर्षे मनिऑर्डरने जे गावात साठले होते, दुरुस्त केलेले घर, सोडवलेले शेत, टिकवलेले नाते, त्यावर ती माणसे जगली. संप हरला आणि गिरण्या गेल्या तेव्हाही कित्येकांना टेकायला तीच भिंत होती. २०२० मध्ये पुन्हा हेच झाले. करोना आला तेव्हा जागतिक बँकेने भारतात येणारा पैसा तेवीस टक्क्यांनी घटेल असा अंदाज केला होता. प्रत्यक्षात तो जेमतेम ०.२ टक्क्याने घटला, सुमारे ८३ अब्ज डॉलर आलेच. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या ते मे महिन्यापासूनच्या खास विमानांनी परतले आणि आपल्याच स्लॅबखाली राहिले. ज्याला पेन्शन नाही, ज्याचा व्हिसा मालकाच्या हातात आहे, त्याच्यासाठी गावातले घर हाच विमा असतो. किराणा दुकान काढून बुडण्यापेक्षा त्याने आधी छप्पर बांधले यात त्याचा अडाणीपणा कुठे आहे?

या वस्त्यांतले सगळेच बरे आहे असे कुणी म्हणू नये. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि किमान ४५ भारतीय गेले. एका मजल्यावर माणसे कोंबलेली, मधे पेट घेणाऱ्या पडद्या. २०२५ मध्ये दुबईच्या पालिकेने परवानगीशिवाय घातलेल्या पडद्या पाडायला सुरुवात केली तेव्हा आगीचे कारण खरे होते, पण खाटेवरून उठवलेल्या माणसाने जायचे कुठे याचे उत्तर भाड्याच्या दरांत नव्हते. आणि ओळखीचाही जाच असतो. गावचाच माणूस एजंट झाला की फसवणुकीची तक्रार करायला जीभ रेटत नाही, कारण त्याच्या बहिणीचे सासर आपल्या गल्लीत असते. यावर उपाय वस्ती मोडणे हा नाही. दोन खाटांत किती अंतर हवे, जिना मोकळा आहे का, हे मालकाला आणि कंपनीला विचारले पाहिजे. आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासण्याची सवय निघण्यापूर्वी, इथेच, निपाणीत आणि बेळगावात लागली पाहिजे.

इथे बँकांनी करण्यासारखे एक काम तर अगदी साधे आहे. परदेशी गेलेल्याच्या एनआरई खात्यात बायकोचे नाव जोडता येते, पण ते ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ या पद्धतीने. म्हणजे नवरा हयात असेपर्यंत खाते त्याचेच. तिला व्यवहार करायचा तर मुखत्यारपत्र लागते, आणि ते बहुतेक घरांत करायचे राहून जाते. त्यामुळे रुजू झाल्यावर पहिल्या सुट्टीपर्यंत नवऱ्याचा पैसा कुठे पडतो, एजंटाचे व्याज आधी फेडायचे की गहाण सोने आधी सोडवायचे, हे ठरवणारी जी बाई, तिच्या हातात सहीच नसते. पासपोर्टाची झेरॉक्स घेतानाच बँकेने हे मुखत्यारपत्र करून घ्यावे, नाहीतर नवऱ्याने पैसे थेट तिच्या स्वतःच्या बचत खात्यात पाठवावेत. त्यात बेकायदा काही नाही, आणि पहिल्या महिन्यापासून हिशेब तिच्याकडे राहतो.