घंटा नको, घड्याळ दाखवा!

वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून पुण्यात वक्त्यांची वानवा नाही. वानवा आहे ती वेळेत थांबणाऱ्यांची! आमच्या डिपार्टमेंटच्या सेमिनारमध्ये चौघांना पंधरा-पंधरा मिनिटं दिली होती. पहिल्या तिघांनी मिळून चोपन्न घेतली. चौथी होती सेकंड इयरची मुलगी, तिच्या वाट्याला उरली सहा. घंटेवर बसवलेल्या ज्युनियरची सरांसमोर घंटा वाजवायची हिंमतच झाली नाही.

म्हणून म्हणतो, स्टेजवर कॉन्फिडन्स मॉनिटर ठेवाच. म्हणजे प्रेक्षकांकडे पाठ करून ठेवलेला, फक्त वक्त्याला दिसणारा टीव्ही. साधा ३२ इंची पुरतो. पण तो विंगेत ठेवू नका. वक्ता सारखी मान तिकडे वळवतो आणि ते शेवटच्या रांगेतूनही कळतं. स्टेजच्या पुढच्या कडेला, मधोमध, खाली, जरा मागे कलता ठेवा.

खरी गंमत जोडणीत आहे. बहुतेक जण लॅपटॉपच्या एकाच एचडीएमआयला स्प्लिटर लावतात. त्याने प्रोजेक्टर आणि टीव्ही दोन्हीकडे एकच चित्र जातं. मग एक तर वक्त्याला नुसती स्लाइड दिसते, नाही तर त्याच्या नोट्स अख्खा हॉल वाचतो. टीव्हीला वेगळं आउटपुट द्या. पोर्ट नसेल तर व्हिडिओ देणाऱ्या यूएसबी-सीवर अडॅप्टर चालतो. विंडोजमध्ये लॅपटॉप आणि टीव्ही डुप्लिकेट करा, प्रोजेक्टर एक्स्टेंड. मग पॉवरपॉइंटच्या Slide Show टॅबमध्ये Monitor म्हणून प्रोजेक्टर निवडा आणि Use Presenter View वर टिक करा.

आता घड्याळ. प्रेझेंटर व्ह्यूमधलं घड्याळ उलटं मोजत नाही, किती वेळ गेला तेवढंच सांगतं, आणि तेही बारीक अक्षरात. बोलण्याच्या भरात वजाबाकी कोण करणार? त्यामुळे टीव्हीशेजारी एक टॅब ठेवून त्यावर मोठ्या आकड्यांत काउंटडाउन लावा. वक्ता तोंड उघडेल तेव्हा तो सुरू करायला एक मित्र नेमा.

नोट्सचं म्हणाल, तर पूर्ण भाषण टाकायचा मोह आवरा. दहा फुटांवरून आरामात वाचायला अक्षर साधारण इंचभर उंच लागतं. या टीव्हीची उंचीच सोळा इंच, त्यातला एक तुकडा नोट्सचा. फॉन्ट वाढवला की चार-पाच ओळी मावतात. त्यात मुद्द्यांचे शब्द, नावं आणि आकडे लिहा.

टीव्ही मध्येच काळा पडत असेल तर आधी केबलची लांबी बघा. साधी एचडीएमआय दहा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. आणि तपासणी स्टेजचे लाइट लावूनच, वक्त्याच्या जागी उभं राहून करा. आम्ही अंधारात केली, आणि कार्यक्रमात टीव्हीवर नोट्सऐवजी वरचे हॅलोजन चमकत होते.