पहिल्या मिनिटाचे भाषण

माझ्या बहिणीची मुलगी कॉलेजात शिकते. तिला वर्गात पडद्यावर चित्रे दाखवून दहा मिनिटे '१९५६ चे धम्मचक्र प्रवर्तन' या विषयावर बोलायचे होते. तिने सुरुवात लिहिली होती : "तुमच्यापैकी कोणाच्या घरातले माणूस १४ ऑक्टोबरला नागपूरला होते?" मी म्हटले, "बाळ, हा प्रश्न तिथे नको."

साठ मुलांच्या वर्गात आपली तीन-चार मुले. हात वर करायचा म्हणजे सगळ्यांसमोर जात सांगायची. ती खाली बघणार, बाकीचे त्यांच्याकडे बघणार, आणि प्रश्न हवेत राहणार. प्रश्न तिथेच विचारावा, जिथे बहुतेकांना उत्तर देता येते आणि देताना संकोच होत नाही.

"मग मावशी, बाबासाहेबांच्या लहानपणीची मसूर स्टेशनची गोष्ट सांगू?" गोष्ट चांगलीच. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात परदेशी वाचकाला अस्पृश्यता कळावी म्हणून बाबासाहेबांनी व्याख्या न देता प्रसंगच सांगितले आहेत. १९०१ साली वडिलांकडे निघालेली मुले, जात कळताच बदललेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडे देऊनही गाडी स्वतःच हाकावी लागली. ज्याने हे भोगले नाही, त्याला गोष्टच आत घेऊन जाते. पण तिचा विषय १९५६ चा. मसूरहून नागपूरला पोहोचेपर्यंत चार मिनिटे गेली असती. सुरुवातीची गोष्ट मिनिटभरात संपावी आणि थेट विषयाच्या दारात उतरवावी.

शेवटी आम्ही आकडा घेतला. महाराष्ट्रात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार. पडद्यावर एवढे दोनच आकडे, दुसरे काही नाही. तिने पहिला वाचायचा, थांबायचे, मग दुसरा. नंतर एकच वाक्य : "या दहा वर्षांत काय घडले, ते सांगते." नुसता २७ लाखांचा आकडा कोणालाच हलवत नाही. शेजारी अडीच हजार असले की ऐकणारा स्वतःच विचारतो, असे कसे? आकडे तोंडी सांगताना पूर्णांकात सांगावेत, नाहीतर ऐकणारा मोजत बसतो. आणि वर्ष सांगायला विसरू नये, कारण शंका पहिली तिथेच येते.

पुढच्या रविवारी तिला विहारात तोच विषय दिला. तिथे आकडा ऐकून माना डोलल्या असत्या, इतकेच. कारण तिथे सर्वांना ठाऊकच आहे. तिथे मात्र तिने तो आधी खोडलेला प्रश्न विचारला आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहिली. (हे गप्प राहणेच अवघड. नवीन वक्ते घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतात.) मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या, "माझे सासरे गेले होते," म्हणाल्या, आणि दहापैकी चार मिनिटे त्यांनीच घेतली. पोरीने पुढची तीन चित्रे गाळली.