कपाटाचा तोल आणि भिंतीचा आधार

घरातील कपाट वर्षानुवर्षे जागचे हलत नाही. म्हणून ते पडेल असे कोणाच्या मनात येत नाही. लहान मूल मात्र खणांकडे पायऱ्या म्हणून पाहते.

एक हिशेब मांडून पाहावा. तीन खणांचे, कपड्यांसह तीस किलोचे कपाट घेतले, तर त्याचा भार पुढच्या कडेच्या साधारण २० सेंटिमीटर मागे असतो. तोल राखणारी जमा बाजू झाली ६००. पाच-पाच किलोचे तिन्ही खण ३० सेंटिमीटर बाहेर ओढले की त्यातून ४५० वजा होतात आणि शिल्लक १५० राहते. आता बारा किलोचे मूल खणाच्या कडेवर उभे राहिले, तर खर्च ३६०. तूट २१०, कपाट मुलाच्या अंगावर येणार.

हीच तूट १२० सेंटिमीटर उंचीवर बसवलेला पट्टा दोन किलोहूनही कमी ओढीने भरून काढतो. म्हणून पट्टा नेहमी कपाटाच्या वरच्या टोकाशी असावा आणि ताणलेला असावा. तो सैल असेल तर कपाट आधी वेग घेते, आणि मग बसणारा हिसका कितीतरी पटींनी मोठा असतो.

अमेरिकेत २०१६ साली आयकिया कंपनीने अशी सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत मागवली. त्यांत लहान मुले दगावली होती. ही कपाटे भिंतीला जखडली नाहीत तर कलंडत असत.

आपल्याकडे खरा प्रश्न भिंतीचा आहे. साताऱ्याच्या पेठांतील जुन्या घरांत मातीत बांधलेल्या भिंती आढळतात. सांगलीत २०१९ च्या महापुरात भिजलेल्या भिंतींना लोणा लागून गिलावा पोकळ झालेला असू शकतो. भोक पाडताना भुकटीकडे लक्ष द्यावे. लाल भुकटी म्हणजे वीट लागली. सुतारास तेथेच, सांध्यात नव्हे, गिलावा सोडून निदान दोन इंच आत रावळप्लग बसवावयास सांगावे. मऊ, मातकट भुकटी येत राहिली, तर तो स्क्रू हाताने उपसून येईल. अशा ठिकाणी कपाट लाकडी खांबाला किंवा सिमेंटच्या कॉलमला लागून ठेवून तेथेच जखडावे.

दुसरे टोकही तितकेच महत्त्वाचे. लाकडी कपाटाच्या मागची पातळ फळी स्क्रू धरत नाही. लोखंडी काटकोनी पट्टी वरच्या किंवा बाजूच्या जाड फळीलाच लावावी. पोलादी कपाटाचा पत्रा पातळ असल्याने तेथे नट-बोल्ट व मोठा वायसर हवा.

काम झाल्यावर कपाटाचा वरचा भाग स्वतःकडे ओढून पाहावा. भिंतीतून भुकटी गळली किंवा प्लग फिरला, तर ते काम झालेलेच नाही असे समजावे. जड वह्या व भांडी खालच्या खणांत ठेवावीत, आणि मुलाला मोह पडेल अशी खेळणी किंवा खाऊचा डबा कपाटाच्या माथ्यावर कधीही ठेवू नये.