वटावाचे दोन टक्के

इचलकरंजीच्या पुरवठादाराकडून एका कापडपेढीला एक लाख रुपयांचे बीजक आले, असे समजावे. जीएसटी हिशेबाबाहेर ठेवावा. अट अशी की, दहा दिवसांत रक्कम चुकती केल्यास दोन टक्के वटाव, अन्यथा तीस दिवसांत पूर्ण रक्कम. यालाच ‘दोन-दहा, नेट तीस’ म्हणतात. अशा वेळी पेढीवर हमखास प्रश्न निघतो, ‘‘दोन टक्के वाचवण्यासाठी बँकेला अकरा टक्के व्याज का भरायचे?’’ या प्रश्नातच गफलत आहे. अकरा टक्के वर्षाचे असतात. दोन टक्के अवघ्या वीस दिवसांचे.

दहाव्या दिवशी मालाची खरी किंमत ९८,००० रुपये आहे. ती रक्कम आणखी वीस दिवस वापरण्यासाठी पेढी २,००० रुपये मोजते. वार्षिक दराने हा आकडा ३७ टक्क्यांच्या वर जातो. तेच ९८,००० रुपये कॅश क्रेडिट खात्यातून वीस दिवसांसाठी उचलले, तर अकरा टक्क्यांनी व्याज सुमारे ५९१ रुपये होते. एका बीजकामागे १,४०० रुपयांचा फरक पडतो. या मुदतीत आणि या दराने शेकडा साठ पैशांपेक्षा अधिक वटाव मिळत असेल, तर तो सोडणे महागच. वटाव सोडायचाच असेल, तर रक्कम तिसाव्या दिवशीच द्यावी. पंधराव्या दिवशी देणारा केवळ पाच दिवसांसाठी तेच २,००० रुपये घालवतो.

तीस दिवसांचे बीजक साठाव्या दिवशी चुकते करण्याची प्रथा अनेक बाजारांत आहे. तेव्हा उधारीचा दर १५ टक्क्यांच्या आसपास उतरतो, नव्वदाव्या दिवशी तर साडेनऊ टक्क्यांच्याही खाली. म्हणजे उशीर करणारा कागदावर बँकेपेक्षा स्वस्तात सुटतो. मात्र पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादक असेल, तर कायद्याने लेखी करारातही पंचेचाळीस दिवसांपुढे जाता येत नाही. मुदत उलटल्यास चक्रवाढ व्याज लागू होते, आणि आयकरात त्या खरेदीची वजावट प्रत्यक्ष रक्कम दिलेल्या वर्षीच मिळते.

खरी अडचण बँकेच्या मर्यादेत आहे. उचल ठरवताना बँक साठ्यातून देणेकऱ्यांची रक्कम वजा करते, कारण उधारीच्या मालावर ती कर्ज देत नाही. बीजक चुकते झाले की तेवढा साठा हिशेबात येतो. पण पंचवीस टक्के मार्जिन धरल्यास उचल वाढते ती ७५,००० रुपयांनीच. उरलेले २३,००० रुपये पेढीला स्वतःचे घालावे लागतात, आणि तेही उचल वाढण्यापूर्वी, कारण नवे साठापत्रक बँकेत बहुधा महिनाअखेरीसच जाते. ही रक्कम दहाव्या दिवशी हाताशी नसेल, तर दोन टक्के डोळ्यांसमोर असूनही सोडावे लागतात.