पुवाच्या रिपोर्टवरचे तीन ‘एस’

परभणी जिल्ह्यात मधुमेही पायाचे रुग्ण बहुधा उशिराच येतात. शेतात बाभळीचा काटा मोडतो, पाय बधिर असल्याने ते कळत नाही आणि पू वाहू लागला की दवाखाना आठवतो. असा एक नमुना रुग्ण घेऊ: वय ५८, वजन ६० किलो, क्रिएटिनिन १.८, तळपायाला दुर्गंधी येणारा गळू. सेफ्ट्रायाक्झोन आणि मेट्रोनिडाझोल आधीपासून चालू आहे. रिपोर्टमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस आला आहे. सेफॉक्सिटिन आणि एरिथ्रोमायसिनला ‘आर’. क्लिंडामायसिन, लिनेझोलिड आणि व्हँकोमायसिनला ‘एस’. हे तीन ‘एस’ सारखे विश्वासार्ह नाहीत.

सेफॉक्सिटिन रेझिस्टंट, म्हणजे एमआरएसए. सेफ्ट्रायाक्झोन त्यावर चालणार नाही. मेट्रोनिडाझोल तर चालण्याचा प्रश्नच नाही. ते जंतूच्या पेशीत शिरल्यावर तिथल्या ऑक्सिजनविरहित चयापचयातून इलेक्ट्रॉन मिळाले तरच सक्रिय होते आणि डीएनए तोडते. स्टॅफिलोकोकसकडे ती यंत्रणा नाही. तरीही ते लगेच थांबवू नये, कारण दुर्गंधी बॅक्टेरॉइड्ससारख्या अॅनारोबची खूण आहे. हवेत उघड्या राहिलेल्या स्वॅबवर ते जंतू वाढत नाहीत, म्हणून रिपोर्टवर त्यांचे नाव नसल्याने काहीच सिद्ध होत नाही.

आता क्लिंडामायसिन. एरिथ्रोमायसिन ‘आर’ आणि क्लिंडामायसिन ‘एस’ अशी जोडी दिसली की लॅबला फोन करून डी-टेस्ट झाली का, ते विचारावे. क्लिंडामायसिन रायबोसोमच्या ५०एस भागावर बसते. तिथल्या आरएनएला मिथाइल गट जोडणारे ‘अर्म’ जनुक काही जंतूंमध्ये झोपलेले असते आणि एरिथ्रोमायसिन त्याला जागे करते. म्हणून एरिथ्रोमायसिनची १५ मायक्रोग्रॅमची आणि क्लिंडामायसिनची २ मायक्रोग्रॅमची डिस्क १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर ठेवतात. क्लिंडामायसिनभोवतीचे वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटे झाले, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारखे दिसले, तर तो ‘एस’ खोटा समजावा. दोन जादा डिस्कांचाही खर्च नाही, फक्त त्या जवळ मांडायच्या असतात. परभणीच्या प्रत्येक लॅबने हे करावे, ही आमची आग्रहाची मागणी आहे. डी-टेस्ट निगेटिव्ह असेल तर क्लिंडामायसिन चांगले औषध आहे, आणि विष बनवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसच्या नेक्रोटायझिंग संसर्गात पेनिसिलिनच्या जोडीला तर ते हवेच. मात्र बॅक्टेरॉइड्समध्ये त्याला रेझिस्टन्स इतका पसरला आहे की अॅनारोबसाठी त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये.

व्हँकोमायसिनचा ‘एस’ डिस्कवरून दिला असेल तर तोही ग्राह्य धरू नये. स्टॅफिलोकोकससाठी एमआयसीच पाहावी लागते, आणि ती २ किंवा त्याहून कमी हवी. हे औषध पेशीभित्तिकेच्या डी-अॅलॅनिल-डी-अॅलॅनिन टोकाला पकडून ठेवते. रेणू मोठा असल्याने ग्रॅम निगेटिव्हच्या बाहेरच्या पडद्यातून तो आत जात नाही. आपल्या रुग्णात पहिला डोस किलोला २५ मिलिग्रॅम धरला तर १५०० मिलिग्रॅम होतो. मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने द्यायचा नाही, म्हणजे अडीच तास लागतील. सलाईन सोडून वॉर्डबॉय निघून गेला आणि अर्ध्या तासात बाटली संपली, तर अंग लालबुंद होऊन रक्तदाब उतरू शकतो. क्रिएटिनिन क्लिअरन्स सुमारे ३८ येतो, म्हणून पुढचे डोस साधारण २४ तासांनी द्यावे लागतील आणि रक्तातली पातळी मोजून बदलावे लागतील. ती मोजण्याची सोय जवळ नसेल तर या किडनीवर ते लांबवणे धोक्याचे आहे.

मग उरते लिनेझोलिड. ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. गोळी जवळजवळ पूर्ण शोषली जाते आणि किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही. ते ५०एसवरच बसते, पण प्रथिननिर्मिती सुरूच होऊ देत नाही. आमचा कौल या रुग्णात त्यालाच, पण देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. पायाच्या जळजळीसाठी डुलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन चालू आहे का? सेरोटोनिन सिंड्रोमची भीती तिथे आहे. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का? मधुमेह्यात टीबी आधीच जास्त, आणि केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य केलेल्या बीपीएएलएम उपचारपद्धतीत लिनेझोलिड हा एक आधार आहे. न ओळखलेल्या टीबीला एकटे लिनेझोलिड मिळाले तर ताप तात्पुरता उतरेल आणि रेझिस्टन्स तयार होईल. शंका असेल तर आधी थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला पाठवावी. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर खाली घसरू शकते, हेही नातेवाइकांना सांगावे.

प्लेटलेट दर आठवड्याला पाहाव्यात, दोन आठवड्यांनंतर त्या घसरण्याची शक्यता वाढते. ‘एस’ आलेल्या या तिन्हींपैकी एकही औषध ई. कोलाय किंवा स्यूडोमोनासवर चालत नाही. म्हणून गळू पूर्ण उघडून, मेलेला भाग काढून, खोलवरचा ऊतींचा तुकडा कल्चरला पाठवावा. तो अहवाल येईपर्यंत सेफ्ट्रायाक्झोन आणि मेट्रोनिडाझोल चालू राहू द्यावे.