शेवटचा हप्ता मीटर फिरल्यावर

मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समितीच्या सर्व सदस्यांस,


गच्चीवर ३० किलोवॅटचे सोलर बसवायचा ठराव झाला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांचे बिल बघता तो ठराव योग्यच आहे. पण वेंडरने दिलेला कराराचा मसुदा वाचला आणि हे पत्र सगळ्या सभासदांसमोर लिहावे असे वाटले. सह्या व्हायच्या आधी काही कलमे बदलून घ्या, एवढीच मागणी आहे.

आधी पैशांचे बोलू. एकूण किंमत १५ लाख. ऑर्डरबरोबर ३० टक्के, माल गच्चीवर आला की ६० टक्के आणि पॅनल बसले की उरलेले १० टक्के. म्हणजे शेवटचा पाना फिरला त्या दिवशी वेंडरचे पूर्ण पैसे वसूल, आणि आपली एक युनिटही वीज बिलात वजा झालेली नसेल. कारण खरे काम त्यानंतर सुरू होते. अर्ज, तांत्रिक व्यवहार्यता तपासणी, मीटरची चाचणी, नेट मीटरिंगचा करार, मग मीटर बदलणे. या काळात वेंडरला फोन केला की "साहेब, फाइल महावितरणकडे आहे" हे उत्तर ठरलेले.

आपल्याच रस्त्यावरच्या एका सोसायटीत दिवाळीत बसलेले पॅनल होळीपर्यंत नुसते ऊन खात होते. कारण काय, तर सामाईक मीटर अजून बिल्डरच्या नावावर! अर्ज सोसायटीच्या नावाने, वीजबिल बिल्डरच्या नावाने, अर्ज परत. आधी नाव बदलायचे, मग पुन्हा अर्ज. करारात हे काम कोणाचे, याबद्दल अवाक्षर नव्हते, म्हणून दोन्ही बाजू एकमेकांकडे बघत बसल्या. आपल्या बिलावर नाव कोणाचे आहे, हे समितीने आजच पाहावे. त्याच बिलावर मंजूर भारही छापलेला असतो. नेट मीटरिंगमध्ये सोलरची क्षमता मंजूर भाराच्या वर जाऊ देत नाहीत. भार २० किलोवॅटचा असेल तर तो आधी वाढवावा लागेल, त्याचे शुल्क भरावे लागेल, आणि ते कोण भरणार हे कोटेशनमध्ये लिहिलेले नाही. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जांना केंद्राच्या २०२४ च्या नियमांनी तांत्रिक तपासणीतून सूट दिली आहे. आपण त्या मर्यादेच्या बाहेर आहोत, त्यामुळे 'आपोआप मंजूर होते' या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

मध्यंतरी "मीटर येईपर्यंत चालू तर करून टाकू" असे कोणी सुचवले तर साफ नाही म्हणा. विनापरवानगी जोडणी हा एक भाग झालाच. शिवाय काही साधी इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा वापर म्हणूनच मोजतात. दुपारी लिफ्ट रिकामी, पंप बंद, आणि आपणच ग्रिडला दिलेल्या विजेचे बिल आपल्यालाच!

म्हणून हप्ते असे असावेत. ऑर्डरबरोबर ३ लाख. माल आल्यावर, पॅनलचे सीरियल नंबर बिलाशी ताडून, ६ लाख. उभारणी आणि चाचणी झाल्यावर ३ लाख. नेट मीटर बसून पहिल्या बिलात निर्यात युनिट दिसली की दीड लाख. आणि शेवटचे दीड लाख वर्षभराची वीजनिर्मिती मोजल्यावर. महावितरणचा उशीर माझ्या माथी का, असे वेंडर म्हणेल, आणि त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. त्याच्या हातात काय आहे ते लिहून घ्या: परिपूर्ण अर्ज किती दिवसांत, त्रुटी निघाली तर उत्तर किती दिवसांत, चाचणीला माणूस कोण पाठवणार. हे सगळे करूनही फाइल अडली तर नेट मीटरच्या हप्त्यातला अर्धा सोडावा. आपल्या सहीची कागदपत्रे वेळेत देणे ही मात्र समितीची जबाबदारी, तीही करारात असावी.

आता '२५ वर्षे परफॉर्मन्स गॅरंटी' या ठळक अक्षरांतल्या ओळीकडे येतो. ही हमी वेंडरची नाहीच, पॅनल बनवणाऱ्या कंपनीची आहे. पॅनलची क्षमता वर्षागणिक किती घसरेल, एवढेच ती सांगते, आणि तेही प्रयोगशाळेत, पॅनलचे तापमान २५ अंश असताना. मे महिन्यात आपल्या गच्चीवर पॅनल सहज ६० अंशांवर जाते. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर ३५ अंशांत बारा टक्के गेले, आणि कंपनीच्या लेखी पॅनल ठणठणीत. पाण्याच्या टाकीची सावली, केबलमधली गळती, धूळ यांचा तर त्या हमीशी संबंधच नाही.

आपल्याला हमी हवी ती युनिटांची. महाराष्ट्रात एका किलोवॅटमागे वर्षाला साधारण १४०० युनिट मिळतात, म्हणजे ३० किलोवॅटचे ४२,००० च्या आसपास. टाकीची सावली धरून वेंडरने ४०,००० चा आकडा लिहून द्यावा, आणि पुढच्या वर्षांसाठी ठरलेली घट. मोजणी जनरेशन मीटरवर व्हावी, मोबाइलवरच्या ॲपवर नाही. ३६,००० च झाली तर तूट ४,००० युनिटांची. हिशेबापुरता दर १० रुपये धरला तर ४०,००० रुपये राखून ठेवलेल्या दीड लाखातून वजा. ग्रिडची वीज गेली की इन्व्हर्टर सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो, ते तास वेंडरच्या खात्यावर टाकू नयेत. पॅनल धुणे कोणाकडे, हेही ठरवावे, नाहीतर वर्षअखेरीस सगळा दोष धुळीवर जाईल. पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडे आहे, तर युनिटांची हमीही पाच वर्षांची असावी. पहिल्या वर्षानंतर तिच्यापोटी बँक गॅरंटी घ्यावी.

वॉरंटीच्या कलमात एक वाक्य सापडत नाही. खराब पॅनल कंपनी बदलून देईल, पण ते उतरवणे, पाठवणे, नवे चढवणे याचा खर्च कोणाचा? इन्व्हर्टर बिघडून तो दुरुस्त होईपर्यंत दिवसाला एकशे दहाच्या घरात युनिट बुडतात, त्याला मुदत किती? वॉरंटी बिलाच्या तारखेपासून की संच चालू झाल्यापासून? आणि स्ट्रक्चरच्या पायांशी गच्ची गळली तर वॉटरप्रूफिंग कोणी करायचे? ही उत्तरे लेखी हवीत.

राहिले अनुदान. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, आपले ५ लाख ४० हजार. कोटेशनमध्ये 'अनुदान वजा जाता' किंमत मोठ्या अक्षरांत आहे. अनुदानासाठी देशी सेलचे देशी पॅनल लागतात. वेंडरने दुसरे पॅनल बसवले किंवा कागद चुकवले आणि अनुदान बुडाले, तर ती रक्कम त्याने भरावी, हे कलम घाला.

सुधारित मसुदा वीजबिलाच्या प्रतीसह सूचनाफलकावर लावावा आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडावा. तोपर्यंत आगाऊ रकमेचा धनादेश देऊ नये, ही विनंती.

आपला,
एक सभासद